शिकवणारं कुणी नसेल तर एक बंद फाइल मागा: फॉरवर्डिंग ऑफिसातले पहिले तीन आठवडे

बेलापूरच्या सेक्टर ११ आणि १५ मध्ये, वाशीत, नेरूळमध्ये फ्रेट फॉरवर्डिंगची आणि कस्टम ब्रोकर्सची ढीगभर ऑफिसं आहेत. न्हावा शेवा बंदर जवळ असल्यामुळे बी. कॉम. झालेल्या मुलामुलींना पहिली नोकरी बऱ्याचदा इथेच लागते, ‘एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन’च्या टेबलावर. मलाही तशीच लागली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून मी पहिल्या दिवशी पावणेदहाला हजर झाले. ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला ते सर बंदरावर गेले होते. रिसेप्शनवरच्या मुलीला माझं नाव माहीत नव्हतं. प्रिंटरशेजारी एक खुर्ची मिळाली आणि कंप्यूटर मिळाला नवव्या दिवशी. त्या नऊ दिवसांत माझ्याशी वाईट कुणी वागलं नाही, फक्त कुणी वागलंच नाही.

तेव्हा मला वाटायचं की मी नकोशी आहे. खरं कारण साधं होतं. या धंद्यात दिवस कट-ऑफवर चालतो. जहाजाची वेळ ठरलेली असते, त्याआधी कागद गेले नाहीत तर कंटेनर मागे राहतो. शिकवायला बसलं तर चालू जॉब चुकतो, म्हणून ‘उद्या दाखवतो’ म्हणतात, आणि उद्याही कट-ऑफ असतोच. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण कारण कळलं की काय मागायचं ते कळतं. माणसाचा वेळ मिळत नसेल, पण फाइल मिळते.

१. पहिल्या दिवशी संध्याकाळी एक मेल

काम मिळालं नाही तरी हा मेल जायलाच हवा. ऑफिसचा आयडी नसेल तर ज्या आयडीवर ऑफर लेटर आलं त्यावरून एचआरला आणि तुमच्या सरांना किंवा मॅडमना लिहा. मजकूर तीन ओळींचा पुरे: आज अमुक तारखेला सकाळी इतक्या वाजता रुजू झालो, बायोमेट्रिकवर बोट अजून नोंदवलेलं नाही, लॉगिन मिळालेलं नाही, कुणाकडे रिपोर्ट करायचं ते कळवावं.

मी हा मेल केला नव्हता. माझं बोट पाचव्या दिवशी नोंदवलं गेलं आणि पहिल्या पगारात चार दिवस कापले गेले. मी आले होते याचा कागद माझ्याकडे नव्हता.

सोबत न्यायची कागदपत्रं:

- ऑफर लेटरची प्रत, त्यावर तुमची सही असलेली
- आधार आणि पॅन, दोन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते घरीच बघून
- बँक पासबुकचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक
- आधी कुठे नोकरी केली असेल तर यूएएन नंबर, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या सॅलरी स्लिप

यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, माणसाला आयुष्यभर एकच असतो. घाईत एचआरने विचारलंच नाही आणि तुम्ही सांगितलं नाही, तर दुसरा नंबर निघण्याची शक्यता असते. मग जुने पैसे एका खात्यात, नवे दुसऱ्यात, आणि ते एकत्र करण्यासाठी हेलपाटे. जुना नंबर पहिल्याच दिवशी लेखी द्या.

परत येताना तुमच्या हातात काय हवं? अपॉइंटमेंट लेटर कधी मिळणार त्याची तारीख, एम्प्लॉयी कोड, आणि हजेरी महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंतची धरतात ते. बाकीचं नंतर विचारलं तरी चालतं.

२. ‘शिकवा’ म्हणू नका, बंद झालेली फाइल मागा

‘सर, काही काम द्या ना’ या वाक्याला उत्तर मिळत नाही, कारण उत्तर देणाऱ्याला आधी विचार करावा लागतो. त्याऐवजी असं म्हणा: ‘सर, मागच्या महिन्यात पूर्ण झालेली एक एक्स्पोर्टची जॉब फाइल वाचायला घेऊ का? एकच कंटेनर, एकच शिपिंग बिल असलेली.’ याला ‘घे’ म्हणायला दोन सेकंद लागतात. शिपिंग बिल म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा अर्ज.

फाइल कोणती मागायची हे महत्त्वाचं आहे. चालू जॉबची नको, त्यात तुमचा हात लागून काही हललं तर महागात पडतं. दहा कंटेनरची नको, एलसीएल जॉब नको. एलसीएलमध्ये अनेक पार्ट्यांचा माल एकाच कंटेनरमध्ये असतो आणि पहिल्याच वाचनात गोंधळ उडतो. माल सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर भरायच्या यार्डात, भरलेला असेल तर उत्तम, कारण त्यात प्रत्येक टप्प्याचा वेगळा कागद सापडतो.

कागदाची फाइल मिळाली तर तिच्यासोबत मेलची साखळीही मागा. खरं शिक्षण मेलमध्ये असतं. फाइलमध्ये फक्त शेवटचा, दुरुस्त झालेला कागद लावतात. चूक कुठे झाली आणि कुणी पकडली ते मेलमध्ये दिसतं.

३. फाइल शेवटाकडून वाचा

मला मिळालेल्या पहिल्या फाइलवरून सांगते. पार्टीचं नाव आणि आकडे थोडे बदलले आहेत, क्रम तोच आहे. तळोज्याच्या एका कारखान्याची स्टीलची भांडी, ६४० खोके, वीस फुटी एक कंटेनर, न्हावा शेवाहून दुबईचं जेबेल अली बंदर.

सर्वात वर असतं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजाने नेण्यासाठी घेतल्याची पावती, ज्याला सगळे बीएल म्हणतात. तेच आधी काढा. एक कोरा कागद घ्या, बीएलवरचा प्रत्येक रकाना डावीकडे लिहा आणि उजवीकडे एकच गोष्ट शोधून लिहा: ही माहिती कोणत्या कागदावरून इथे आली? दुसरं काही करायचं नाही. मला यात दीड दिवस गेला आणि अख्खं टेबल समजलं.

माझ्या कागदावर असं निघालं. माल पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव पार्टीच्या इन्व्हॉइसवरून आलं. खोक्यांची संख्या आणि १४,०८० किलो हे एकूण वजन पॅकिंग लिस्टवरून आलं. जहाजाचं नाव आणि व्हॉयेज नंबर शिपिंग लाइनच्या बुकिंग कन्फर्मेशनवरून. कंटेनर नंबर आणि सील नंबर सीएफएसच्या स्टफिंगच्या कागदावरून. ‘फ्रेट प्रीपेड’ हे शब्द मात्र कुठेच सापडेनात. शेवटी इन्व्हॉइसवर ‘सीआयएफ जेबेल अली’ दिसलं. सीआयएफ म्हणजे भाडं पाठवणाराच भरतो, म्हणून प्रीपेड. एफओबी असतं तर भाडं घेणाऱ्याकडे, म्हणजे कलेक्ट. तीन अक्षरांवरून बीएलचा एक रकाना ठरतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी विसरले असते. शोधून सापडलं म्हणून आजही लक्षात आहे.

आता त्याच फाइलमधल्या तारखा खालून वर लावा. माझ्या फाइलमध्ये त्या अशा होत्या:

- ४ तारीख: लाइनचं बुकिंग आलं. त्यातच लिहिलं होतं की शिपिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे बीएलसाठीचा मजकूर, आणि व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं वजन, १२ तारखेच्या संध्याकाळी ५ पर्यंत, कंटेनर बंदरात १३ च्या रात्रीपर्यंत.
- ७ तारीख: पार्टीने इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट पाठवली.
- ८ तारीख: आपण शिपिंग बिलाचा मसुदा, म्हणजे चेकलिस्ट, पार्टीला पाठवली, पार्टीचं ‘ओके’ आलं.
- ९ तारीख: कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर शिपिंग बिल दाखल, नंबर मिळाला. त्याच दिवशी माल सीएफएसमध्ये पोचला.
- १० तारीख: कस्टम्सकडून निर्यातीची परवानगी, लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे एलईओ.
- ११ तारीख: कंटेनरमध्ये माल भरला, सील लागलं.
- १२ तारीख: शिपिंग इन्स्ट्रक्शन आणि व्हीजीएम लाइनला गेलं, बंदराच्या गेटसाठीचा फॉर्म १३ निघाला.
- १३ तारीख: कंटेनर बंदरात गेट-इन, बीएलचा ड्राफ्ट पार्टीला.
- १५ तारीख: जहाज सुटलं. १७ ला फायनल बीएल.

ही यादी पाठ करू नका. प्रत्येक जोडीच्या मध्ये थांबून विचारा: हे आधीचं नसतं तर पुढचं झालं असतं का? चेकलिस्टला पार्टीचा ओके नसताना शिपिंग बिल दाखल केलं तर चूक आपल्या अंगावर येते. एलईओ नसेल तर माल कंटेनरमध्ये भरून जहाजाकडे पाठवता येत नाही. पण इन्व्हॉइस ७ ऐवजी ६ ला आलं असतं तरी काही बिघडलं नसतं. कोणती तारीख दगडासारखी आहे आणि कोणती सरकते हे कळलं की ऑफिसमध्ये कोण कशासाठी ओरडतंय तेही कळायला लागतं.

४. त्या फाइलमधली चूक शोधा

बहुतेक फाइलमध्ये एखादा दुरुस्तीचा मेल सापडतोच. माझ्या फाइलमध्ये १३ तारखेला दुपारी आमच्या हाउस बीएलच्या, म्हणजे लाइनऐवजी आमची कंपनी देते त्या बीएलच्या, ड्राफ्टवर पार्टीने लिहिलं होतं की कंटेनर नंबर जुळत नाही. प्रकार काय होता ते नमुन्याच्या नंबरवर दाखवते:

```
CSQU3054383   बरोबर
CSQU3054833   ड्राफ्टमध्ये
```

तीन आणि आठ यांची अदलाबदल. सीएफएसमधल्या मुलाने कागदावर हाताने लिहिलेल्या नंबरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, आणि टेबलावरच्या माणसाने तो बघून टाइप केला. कंटेनर नंबरमध्ये चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा हा आधीच्या दहा चिन्हांवरून हिशेबाने निघालेला पडताळ्याचा आकडा असतो. वरचा दुसरा नंबर घेऊन हिशेब केला तर शेवटी ३ नाही, ० यायला हवा. म्हणजे चूक नंबरच सांगतो. लाइनच्या पोर्टलवर चुकीचा नंबर टाकला तर बऱ्याचदा तो तिथेच अडतो. पण आपला हाउस बीएल एक्सेलमध्ये बनत असेल तर तिथे अडवणारं कुणी नाही.

ही चूक सुटली असती तर? पार्टीचे कागद बँकेमार्फत जाणार असतील तर बँक कागद जुळत नाहीत म्हणून अडवू शकते. तिकडे माल सोडवताना घेणाऱ्याची अडचण. आणि हाच चुकीचा नंबर कस्टम्सच्या बाजूला गेला, तर लाइन जहाजावरच्या मालाची जी यादी कस्टम्सकडे भरते, म्हणजे ईजीएम, तिच्याशी शिपिंग बिल जुळत नाही. ईजीएमची एरर लागली की निर्यातदाराचा आयजीएसटी परतावा किंवा ड्रॉबॅक अडकतो. दोन आकड्यांसाठी पार्टीचे लाखो रुपये थांबतात, आणि पार्टी फोन तुमच्या सरांना करते.

यावरून एक सवय लावून घ्या. कंटेनर नंबर नेहमी कंटेनरच्या दाराच्या फोटोवरून घ्या, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवरून नाही. फील्डवरच्या मुलाला ‘दादा, दाराचा एक फोटो पाठवाल का’ म्हटलं की तो पाठवतो. त्याच फोटोत टेअर, म्हणजे रिकाम्या कंटेनरचं वजनही दिसतं. त्याची गरज पुढे आहे.

५. कुणाला काय विचारायचं आणि केव्हा

‘विचारायला कुणीच नाही’ असं मला वाटायचं, कारण मी फक्त सरांची वाट बघत होते. सरांना ऑफिस कसं चालतं ते माहीत असतं. कागद कसा चालतो ते दुसऱ्यांना माहीत असतं.

सीएफएस आणि बंदराचं सगळं फील्ड स्टाफला विचारा. ते सकाळी निघण्याआधी दहा मिनिटं चहाला असतात, तीच वेळ. बिलांबद्दल अकाउंट्सच्या ताईंना विचारा; लाइनचा कोणता खर्च कशासाठी लागला हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, कारण पार्टी त्यांच्याशीच भांडते. कागदावर काही अडलं तर शेजारच्या टेबलावर विचारा, पण संध्याकाळी ४ ते ६ या वेळात नाही. बहुतेक कट-ऑफ त्याच सुमारास असतात. मी एकदा साडेचारला ‘फॉर्म १३ म्हणजे काय’ असं विचारलं आणि इतकं तुटक उत्तर मिळालं की पुढचे चार दिवस मी तोंड उघडलं नाही. प्रश्न ठीक होता, वेळ चुकीची होती.

प्रश्न वहीत साठवा आणि तीन-चार झाले की एकदम विचारा. विचारताना आपल्याला काय वाटतं ते आधी सांगा: ‘मला वाटतं फॉर्म १३ हा कंटेनर बंदराच्या गेटमधून आत नेण्यासाठी आहे. बरोबर आहे का?’ हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असलं की माणूस थांबतो, आणि थांबला की जास्तच सांगतो.

दोन गोष्टींना मात्र नाही म्हणा. तुमचं लॉगिन आलेलं नाही म्हणून कुणी आपला पासवर्ड देऊन ‘यावरून टाक’ म्हणालं, तर नम्रपणे सांगा की ‘मी ड्राफ्ट करून देते, सबमिट तुम्ही करा.’ चूक झाल्यावर कुणी काय टाकलं हे सिद्ध करता येत नाही. आणि कार्डाशिवाय कस्टम्सच्या कामाला जाऊ नका. कस्टम ब्रोकरच्या ज्या कर्मचाऱ्याने परीक्षा दिलेली नाही त्याच्यासाठी एच कार्ड असतं. ‘जरा कागद देऊन ये’ म्हणून पाठवत असतील तर आधी कार्डासाठी अर्ज करायला सांगा.

६. पहिलं काम स्वतःच मागा: व्हीजीएम

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक छोटं काम नाव घेऊन मागा. माझ्या मते व्हीजीएम सर्वात चांगलं. लहान आहे, रोज लागतं, आणि टेबलावरच्या सगळ्यांना ते दुसऱ्या कुणी केलेलं हवंच असतं.

व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन. १ जुलै २०१६ पासून सोलास करारानुसार हे दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवत नाहीत. ते काढायचे दोन मार्ग आहेत: भरलेला कंटेनर अख्खा काट्यावर तोलायचा, किंवा आतला माल, पॅकिंग, लाकूड, दोऱ्या सगळ्याचं वजन करून त्यात कंटेनरचं टेअर मिळवायचं.

वरच्या फाइलमध्ये पॅकिंगसकट माल १४,०८० किलो आणि दारावरचं टेअर २,२३० किलो. म्हणून व्हीजीएम १६,३१० किलो. नवीन माणसाची चूक इथे ठरलेली असते, आणि माझीही झाली: पॅकिंग लिस्टवरचं एकूण वजनच व्हीजीएम म्हणून टाकलं, टेअर राहिलं. शिपिंग इन्स्ट्रक्शनमधलं वजन आणि व्हीजीएम एकच दिसल्यावर लाइनने मेल परत पाठवला. चार वाजले होते, कट-ऑफ सहाचा होता, म्हणून निभावलं. तेव्हापासून मी पाठवण्याआधी एकच तपासणी करते. व्हीजीएममधून मालाचं वजन वजा केलं तर वीस फुटीसाठी उत्तर साधारण सव्वादोन हजार किलोच्या आसपास यायला हवं. शून्य आलं तर टेअर राहिलंय. चार हजार आलं तर चाळीस फुटी कंटेनरचं टेअर घेतलंय. दारावर लिहिलेल्या कमाल एकूण वजनापेक्षा आकडा मोठा नाही ना, तेही त्याच फोटोत बघा.

पहिली पाच व्हीजीएम कुणाला तरी दाखवून पाठवा. सहाव्यापासून बहुतेक ‘तूच बघ’ असं ऐकू येतं.

७. शुक्रवारी चार ओळी

दर शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर, कट-ऑफची गडबड सुरू व्हायच्या आधी एक मेल. माझा तिसऱ्या आठवड्याचा असा होता:

‘सर, या आठवड्यात जेबेल अलीच्या दोन बंद फाइल वाचल्या, रकान्यांचा तक्ता जोडला आहे. चार व्हीजीएम केली, एकात टेअर राहिलं होतं, कट-ऑफच्या आधी दुरुस्त केलं. आइसगेटची चेकलिस्ट कशी बनते ते अजून पाहिलेलं नाही. सोमवारी सकाळी अर्धा तास शेजारी बसून बघू का? लॉगिन अजून आलेलं नाही, १८ दिवस झाले.’

चूक लपवू नका, ती दुरुस्त कशी केली तेही लिहा. आणि शेवटी एकच गोष्ट मागा, दिवस आणि वेळेसकट. माझ्या सरांनी या मेलला उत्तर दिलं नाही, पण सोमवारी अकरा वाजता एकाला माझ्याकडे पाठवलं आणि दुपारी लॉगिन आलं.

हा मेल दुसऱ्या कारणासाठीही लागतो. प्रोबेशन संपताना जो आढावा होतो त्यात पहिल्या महिन्यात तुम्हाला कुणी शिकवलं नाही हे कुणाच्या लक्षात नसतं. फक्त तुम्ही उशिरा तयार झालात एवढंच दिसतं. तारखेसकट मेल असतील तर चर्चा त्यावरून होते. तीन शुक्रवार गेले आणि काहीच हललं नाही, तर चौथा मेल एचआरला सीसी करा. शब्द तेच ठेवा, तक्रारीचा सूर नको. फक्त ‘माझं काम नेमकं कोणतं आणि ते कोण तपासणार’ हे लेखी मागा.

८. पहिली सॅलरी स्लिप

स्लिप आली की खालचा आकडा बघण्याआधी हजर दिवस मोजा. बोट उशिरा नोंदवलं असेल तर कपात इथेच दिसते. पहिल्या दिवसाचा मेल जोडून त्याच दिवशी एचआरला पाठवा, कारण पुढच्या महिन्याची हजेरी बंद झाली की दुरुस्ती आणखी लांबते. मग पीएफसमोर यूएएन तुमचाच जुना आहे ना ते बघा. महाराष्ट्रात प्रोफेशन टॅक्स महिन्याला २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००. महिलांचा पगार २५,००० रुपयांपर्यंत असेल तर तो लागत नाही. माझ्या एका मैत्रिणीचा पगार २२,००० असताना सहा महिने कापला गेला, कारण एचआरच्या शीटमध्ये तिच्या नावापुढे ‘पुरुष’ असं पडलं होतं. आयकर कापला असेल तर कोणत्या पद्धतीने कापला ते विचारा. तुम्ही काही कळवलं नसेल तर नवीन पद्धत आपोआप धरतात.

माझे कापलेले चार दिवस मला तिसऱ्या महिन्यात मिळाले, रिसेप्शनवरच्या त्याच मुलीमुळे. तिच्या व्हिजिटर रजिस्टरमध्ये पहिल्या चार दिवसांची माझी सही होती.